रंगवलेला उजेड आणि फिरणारं चाक : पाणचक्कीच्या दृश्याच्या प्रकल्प नोंदी

हे दृश्य मी एकटीने, रोज संध्याकाळी दोन-तीन तास बसून, सहा आठवड्यांत पूर्ण केलं. मूळ संकल्पचित्र एका चित्रकार मैत्रिणीचं आहे आणि तिच्या परवानगीने घेतलं आहे. मॉडेल, टेक्सचर, मटेरियल आणि लायटिंग माझं. मॉडेलिंग आणि स्कल्प्टिंग ब्लेंडरमध्ये, टेक्सचर सबस्टन्स पेंटरमध्ये आणि बाकी सगळं अनरियल इंजिन ५ मध्ये. नोंदी ज्या दिवशी लिहिल्या तशाच ठेवल्या आहेत, चुकांसकट. शेवटची चित्रं पोर्टफोलिओत तुम्ही पाहिली असतीलच. ती तशी का दिसतात, कुठे अडले आणि काय बघून काय बदललं, ते या पानांत आहे.

४ ऑगस्ट

चित्रात ओढ्याकाठी दगडी पाणचक्की आहे, तिच्या भिंतीला लाकडी चाक आणि मागे एक मोठं झाड. सगळं थोडं फुगीर, थोडं वाकडं: भिंती खाली रुंद आणि वर निमुळत्या, छप्पर मधोमध बसकं, चाक घराच्या मानाने जरा जास्तच मोठं. ही वाकडेपणाची चव ब्लॉकआउटमध्येच यायला हवी. सरळ चौकोनी खोके मांडून वाकडेपणा नंतर आणू असं म्हटलं, की तो कडांवरच्या ओरखड्यांत येतो, आकारात येत नाही.

म्हणून आज फक्त आठ-दहा करडे ठोकळे आणि त्यांवर लॅटिस मॉडिफायर. माणसाच्या उंचीचा १८० सेंटिमीटरचा पुतळा दाराशी उभा केला. दार २३० ठेवलं, चाकाचा व्यास ४ मीटर. करड्या ठोकळ्यांवर काळा रंग टाकून नुसती बाह्यरेषा पाहिली, तर चाक भिंतीत हरवत होतं. चाक भिंतीपासून ४० सेंटिमीटर बाहेर काढलं आणि कॅमेरा थोडा डावीकडे सरकवला. आता चाकाचा वरचा एक तृतीयांश भाग आकाशावर दिसतो. एवढं झाल्यावर काळ्या आकृतीतही ही पाणचक्की आहे हे कळायला लागलं.

७ ऑगस्ट

कडा किती जाड ठेवायच्या आणि टेक्सचरला किती पिक्सेल द्यायचे, हे आज कॅमेऱ्यावरून ठरवलं. मुख्य कॅमेरा चक्कीपासून १४ मीटरवर आहे आणि त्याचा आडवा कोन ६० अंश. तेवढ्या अंतरावर चौकटीत साधारण १६.२ मीटर रुंदी मावते. १९२० पिक्सेल रुंद चित्रात म्हणजे एका मीटरला ११९ पिक्सेल, एका सेंटिमीटरला जेमतेम सव्वा पिक्सेल.

यातून दोन गोष्टी सुटल्या. फळीच्या कडेला १ सेंटिमीटरचा बेव्हल दिला तर तो एका पिक्सेलचा होतो. त्यावर चमक पडली की चाक फिरताना ती लुकलुकत राहील. म्हणून मुख्य लाकडांना ३ सेंटिमीटर बेव्हल, म्हणजे साडेतीन पिक्सेल. प्रत्यक्षातल्या सुताराला हा हास्यास्पद जाड वाटेल, पण या अंतरावरून तो नीट कोरलेल्या कडेसारखा दिसतो. शैलीबद्ध कामातली जाड कड बऱ्याचदा आवडीची बाब समजली जाते. मला ती अंतराची गरज वाटते.

दुसरी गोष्ट टेक्सचरची. मुख्य कॅमेऱ्याला १२८ पिक्सेल प्रति मीटरही पुरले असते. पण चाकाजवळचा एक दुसरा कॅमेरा मला हवा आहे, ३ मीटरवरून. तिथे एका मीटरला साधारण ५५५ पिक्सेल लागतात. म्हणून सगळ्या दृश्यासाठी ५१२ पिक्सेल प्रति मीटर हे माप पक्कं केलं. लाकडासाठी एक आणि दगडासाठी एक अशा दोनच ट्रिम शीट, दोन्ही २०४८ पिक्सेलच्या. त्या मापाने एका शीटची रुंदी बरोबर ४ मीटर होते.

१२ ऑगस्ट

चाकाचं मॉडेल. आठ आरे, दोन्ही बाजूंना कडं, मध्ये जाड आस आणि सोळा पाती. पाती चार वेगवेगळ्या आकारांची केली आणि ती फिरवून सोळा जागी लावली. सोळा जागी एकच पातं लावलं तर चाक फिरताना डोळ्याला लगेच कळतं. चार प्रकार उलटसुलट लावले की कळत नाही. एका पात्याचा कोपरा तुटलेला ठेवला. फिरताना नजरेला धरायला तो एक खूण देतो, नाहीतर गोल वस्तू फिरते आहे की थांबली आहे हे पटकन लक्षात येत नाही.

चाकाचा ओरिजिन आसाच्या बरोबर मध्यावर आणि आस X अक्षावर. हे नुसतं सवय म्हणून केलं.

१६ ऑगस्ट

लाकडाची ट्रिम शीट स्कल्प्ट केली. सहा फळ्या, दोन जाड तुळया आणि तुळयांच्या कापलेल्या टोकांसाठी दोन गोल. स्क्रेप ब्रशने कडा तासल्या आणि फळीच्या लांबीत तीन-चार मोठे उतार दिले. लाकडाच्या रेषा फारच थोड्या. पहिल्या प्रयत्नात सगळ्या फळीभर रेषा कोरल्या होत्या. १४ मीटरवरून त्यांची नुसती कुरकुर झाली, फळी दिसेचना. दुसऱ्यांदा रेषा फक्त टोकांकडे आणि गाठींभोवती ठेवल्या, मधला भाग मोकळा सोडला. डोळ्याला विसावा मिळतो आणि जिथे तपशील आहे तिथे तो ठळक होतो.

१७ ऑगस्ट

छोटी नोंद. बेक केलेला नॉर्मल मॅप इंजिनात लावला तर फळ्यांमधल्या खाचा फुगीर दिसायला लागल्या. पण उजेड डावीकडून किंवा उजवीकडून टाकला की सगळं ठीक, वरून टाकला की उलटं. हे हिरव्या चॅनेलचं लक्षण आहे. ब्लेंडर ओपनजीएल पद्धतीचा नॉर्मल मॅप वापरतो, अनरियल डायरेक्टएक्स पद्धतीचा, आणि दोन्हींत उभी दिशा उलट असते. टेक्सचरच्या सेटिंगमध्ये `Flip Green Channel` लावता येतं, पण मी पेंटरच्या प्रकल्पाची पद्धतच बदलून पुन्हा बेक केलं. अर्धे मॅप एका पद्धतीचे आणि अर्धे दुसऱ्या असं झालं की महिन्याभराने कुठला उलटा आहे ते शोधत बसावं लागतं.

२३ ऑगस्ट

चार दिवस टेक्सचरचं काम. पद्धत अशी: आधी सपाट मूळ रंग, त्यावर पोझिशन मॅपवरून खालून वर जाणारा उतार, तळाशी थंड आणि गडद, माथ्याशी उबदार. मग कर्व्हेचरवरून कडांना फिकट रंग. मग अँबियंट ऑक्लूजन, पण काळ्या रंगात नाही तर जांभळट तपकिरी रंगात. आणि शेवटी वर्ल्ड स्पेस नॉर्मलवरून, जे पृष्ठ वर तोंड करून आहे त्याला पिवळसर उजेड. हा शेवटचा थर ३५ टक्क्यांवर ठेवला.

पेंटरच्या खिडकीत हे फार सुंदर दिसतं. प्रत्येक दगड हाताने रंगवल्यासारखा, माथ्यावर ऊन, पोटाखाली सावली. मैत्रिणीला चित्रं पाठवली, तिलाही आवडली.

२७ ऑगस्ट

इंजिनात सगळं एकत्र आणलं आणि मूळ चित्राप्रमाणे सूर्य मागे, डावीकडे, क्षितिजापासून १४ अंशांवर ठेवला. चित्राचा जीवच त्या मागच्या उन्हात आहे: ओल्या चाकाच्या कडेला चमक आणि आपल्याकडची भिंत सावलीत.

भिंत मात्र सावलीत दिसेना. सूर्य मागे असूनही प्रत्येक दगडाच्या माथ्यावर ऊन, आणि तेही वरून, दुपारचं. खाली जमिनीवर चक्कीची लांब सावली आपल्याकडे येते आणि तिच्याच भिंतीवर भर दुपार. पेंटरमध्ये आवडलेला तो ३५ टक्क्यांचा थर हाच.

सूर्य पुढे आणून पाहिला तर दोष लपतो. तसं केलं तर चाकाची चमक जाते. मला चमक हवी आहे.

मग `Unlit` दृश्य लावलं, ज्यात कुठलाच दिवा चालत नाही आणि फक्त मूळ रंग दिसतो. दिवे बंद असताना सूर्य कुठे आहे हे मला बोट दाखवून सांगता येत होतं. माझ्यासाठी आता हीच चाचणी आहे: `Unlit` मध्ये वस्तूचा पदार्थ कळावा, ती कुठे ओली, कुठे झिजलेली, कुठे जुनी ते कळावं; सूर्याची दिशा कळता कामा नये.

२८ ऑगस्ट

आज चाकाला फिरवणारा कॉम्पोनंट लावला आणि कालचा दोष दहापट मोठा होऊन समोर आला.

स्थिर चाकावर वरची पाती पिवळसर आणि खालची गडद. चाक अर्ध वर्तुळ फिरलं की पिवळी पाती पाण्यात आणि गडद, थंड, "खालची" पाती आकाशाकडे. उजेड चाकाला चिकटवल्यासारखा त्याच्याबरोबर फिरतो. दोन थर यात दोषी आहेत. वर्ल्ड स्पेस नॉर्मलचा उजेड तर आहेच, पण पोझिशन मॅपचा उतारही. बेक करताना चाक ज्या स्थितीत उभं होतं, ती स्थिती टेक्सचरमध्ये कायमची गोठली.

छपराच्या लाकडी कौलांतही तेच सापडलं, फक्त कमी उघडपणे. दोन्ही उतारांवर तीच कौलं फिरवून लावली आहेत, त्यामुळे एका उताराची कौलं उजळ आणि दुसऱ्याची काळवंडलेली. मी गेले चार दिवस तो छान रंगभेद समजत होते.

माझ्या आधीच्या टीममधल्या लीडला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर एका ओळीचं: "तुझी पाती ओली होतात कुठे?"

मी म्हटलं, खाली, पाण्यात.

"आणि वर आल्यावर लगेच सुकतात?"

यावर बराच वेळ विचार केला. चालू चाकाचं प्रत्येक पातं दर फेरीला पाण्यात बुडतं. वरचं पातंही ओलंच असतं. म्हणजे ओलं-कोरडं असा फरक वर-खाली नाहीच. तो आत-बाहेर आहे: बाहेरचं कडं आणि पाती कायम भिजलेली, आस कोरडी, आणि मधले आरे बाहेरून आत येताना हळूहळू सुकत गेलेले. हा उतार आसापासूनच्या अंतराचा आहे, आणि चाक कितीही फिरलं तरी आसापासूनचं अंतर बदलत नाही.

३० ऑगस्ट

दुरुस्ती केली. चाकाच्या टेक्सचरमधून पोझिशन मॅपचा उतार पूर्ण काढला. त्याऐवजी आसापासूनचं अंतर व्हर्टेक्स रंगाच्या लाल चॅनेलमध्ये लिहिलं. ओरिजिन आसाच्या मध्यावर आणि आस X अक्षावर असल्यामुळे एवढंच पुरलं:

```python
import bpy
from math import hypot

me = bpy.context.object.data
col = me.color_attributes.new("Radial", 'BYTE_COLOR', 'CORNER')
R = 2.0
for lp in me.loops:
    p = me.vertices[lp.vertex_index].co
    r = min(hypot(p.y, p.z) / R, 1.0)
    col.data[lp.index].color = (r, 0, 0, 1)
```

`R` म्हणजे चाकाची त्रिज्या मीटरमध्ये. चालवण्याआधी सगळे भाग एका मेशमध्ये जोडून ट्रान्सफॉर्म अप्लाय करायला हवेत, नाहीतर प्रत्येक पात्याचं अंतर त्याच्या स्वतःच्या मध्यापासून मोजलं जातं आणि चाकभर ठिपके उमटतात. इंजिनात आणताना व्हर्टेक्स रंगांचा पर्याय `Replace` वर ठेवला.

मटेरियलमध्ये हा लाल चॅनेल दोन कामं करतो. आतून बाहेर जाताना मूळ रंग सुक्या राखाडी तपकिरीवरून गडद हिरवट तपकिरीकडे जातो आणि रफनेस ०.८ वरून ०.२५ वर उतरतो. ओलं लाकूड म्हणजे गडद आणि गुळगुळीत, दोन्ही एकदम. नुसतं गडद केलं तर ते जळलेलं वाटतं, नुसतं गुळगुळीत केलं तर व्हार्निश लावल्यासारखं. त्या कमी रफनेसवर मागचं ऊन पडलं आणि कड्याला चमकेची रेघ आली, जी फिरत्या चाकावर एका जागी स्थिर राहते आणि पाती तिच्याखालून सरकतात. मूळ चित्रात नेमकं हेच होतं.

बाकीच्या दृश्यासाठी नियम असा ठरवला. वस्तू हलली तरी जे खरं राहील तेच टेक्सचरमध्ये. झिजलेली कड फिकट असते, ती कुठेही तोंड करून असली तरी; म्हणून कर्व्हेचरचा थर राहिला. खाचेत मळ साठतो. ऑक्लूजनचा थर राहिला, थोडा हलका करून. भिंतीच्या पायथ्याशी ओल चढते, आणि भिंत हलत नाही. तिचा उतार राहिला. छपराच्या कौलांना मात्र उतार नाही. वरून येणारा पिवळा उजेड भिंतीवर ३५ वरून ८ टक्क्यांवर आणला, बाकी सगळीकडे शून्य. भिंतीवर ८ टक्के ठेवले कारण ते शून्य केल्यावर सावलीतले दगड एकमेकांत मिसळून सपाट झाले. ही तडजोड आहे. `Unlit` मध्ये भिंतीकडे अगदी निरखून पाहिलं तर ती सापडते.

२ सप्टेंबर

चाकाचा वेग. अंदाजाने सेकंदाला ६० अंश दिले होते आणि काहीतरी खटकत होतं. हिशेब केला. ४ मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ १२.५७ मीटर. सहा सेकंदांत एक फेरी म्हणजे कडेचा वेग सेकंदाला २.१ मीटर. ओढ्याचं टेक्सचर मी सेकंदाला दीड मीटरने सरकवते आहे. म्हणजे चाक पाण्याहून जोरात पळतं आहे. पाणी चाकाला ढकलत नसून आत कुठेतरी मोटर लपवल्यासारखं.

हे चाक खालून वाहत्या पाण्यावर चालणारं आहे. अशा चाकाची कड साधारण पाण्याच्या निम्म्या वेगाने फिरते तेव्हा ते सर्वांत जास्त काम देतं. निम्मा वेग म्हणजे सेकंदाला ७५ सेंटिमीटर, एका फेरीला जवळजवळ १७ सेकंद, म्हणजे सेकंदाला साडेएकवीस अंश. तेवढे दिले आणि चाकाला एकदम वजन आलं. दिशाही तपासली: खालची पाती प्रवाहाच्या दिशेनेच जायला हवीत. ती बरोबर होती.

पाती पाण्यात शिरतात तिथे फेसाचा एक पट्टा दिला. तो पाण्याच्या मटेरियलमध्ये आहे, चाकाशी जोडलेला नाही.

५ सप्टेंबर

मागचं झाड. फांद्यांवर पानांचे झुपके, प्रत्येक झुपका म्हणजे काही सपाट पत्रे आणि त्यांवर पानांची चित्रं. पत्र्यांचे नॉर्मल जसेच्या तसे ठेवले तर प्रत्येक पत्रा वेगळा उजळतो आणि झाड फाटक्या कागदांचं दिसतं. म्हणून प्रत्येक झुपक्याभोवती एक गोळा ठेवून डेटा ट्रान्सफर मॉडिफायरने गोळ्याचे नॉर्मल पत्र्यांवर आणले. झुपका आता एका मऊ गोळ्यासारखा उजळतो, बाह्यरेषा मात्र पानांचीच राहते.

इंजिनात आणल्यावर ते पुन्हा फाटलं. दोन कारणं निघाली. एक, इम्पोर्ट करताना नॉर्मल नव्याने मोजले जात होते; `Import Normals` निवडल्यावर ते सुटलं. दुसरं, दुहेरी बाजूच्या मटेरियलमध्ये पत्र्याच्या मागच्या बाजूचा नॉर्मल इंजिन उलटा करतं, त्यामुळे निम्मी पानं काळी पडत होती. नॉर्मलला `TwoSidedSign` ने गुणून तो उलटेपणा परत उलटवला.

सूर्य मागे आहे म्हणून पानांतून आरपार येणारा रंग इथे महत्त्वाचा. तो पानाच्या रंगापेक्षा पिवळा आणि जास्त भडक ठेवला, कारण पानातून गाळून आलेलं ऊन तसंच असतं. झाडाच्या कडेने सोनेरी किनार आली आणि चक्कीचं छप्पर त्या किनारीवर नीट उठून दिसायला लागलं.

९ सप्टेंबर

दार उघडं आहे आणि आत एक कंदील आहे. तो प्रकाश बाहेरच्या पायरीवर यायला हवा. आला तो भिंतीच्या कोपऱ्यातून, फटीतून झिरपल्यासारखा, आणि आतल्या भिंतींवर तर डागच डाग.

ल्युमेनचं सरफेस कॅशचं दृश्य लावलं तर चक्कीचा आतला भाग बहुतेक गुलाबी. गुलाबी म्हणजे त्या पृष्ठांची नोंद ल्युमेनकडे नाही, तिथून उसळणारा प्रकाश त्याला मोजता येत नाही. चूक माझी होती: संपूर्ण चक्की, आत-बाहेरसकट, एकच मेश. ल्युमेन प्रत्येक मेशभोवती मोजकीच कार्डं ठेवतं आणि आतबाहेर असलेल्या गुंतागुंतीच्या मेशला ती पुरत नाहीत. चारी भिंती, छप्पर आणि जमीन वेगळे मेश केले, गुलाबी भाग गेला.

झिरपणं भिंतीच्या जाडीमुळे होतं. कोपऱ्यात एका जागी भिंत ६ सेंटिमीटरच होती, आणि ल्युमेनसाठी भिंत किमान १० सेंटिमीटर हवी. दगडी भिंत ६ सेंटिमीटरची असणं तसंही विचित्रच, म्हणून सगळीकडे ४० केली. त्यामुळे दाराच्या चौकटीला खोली आली आणि कंदिलाचा प्रकाश त्या जाडीवरून घसरत बाहेर येतो. दृश्यातला माझा आवडता तुकडा या चुकीच्या दुरुस्तीतून आला.

कंदिलाच्या काचेला एमिसिव्ह दिलं आहे ते फक्त दिसण्यापुरतं. एवढ्या छोट्या चमकत्या पृष्ठावर उजेडाची मदार ठेवली की भिंतीवर गोंगाट दिसतो. खरा उजेड आत ठेवलेल्या पॉइंट लाइटचा आहे.

११ सप्टेंबर

लायटिंग पक्कं केलं. एक्स्पोजर ब्लॉकआउटच्या दिवसापासून `Manual` वर आहे. आपोआप बदलणारं एक्स्पोजर चालू असताना दिवा वाढवला की कॅमेरा डोळे मिचकावतो आणि वाढवलेलं सगळं परत जातं. आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

दिवे फार नाहीत. मागचा सूर्य, ४२०० केल्विन, त्याचा `Source Angle` थोडा वाढवून सावलीच्या कडा मऊ केल्या. निळसर जांभळा स्कायलाइट, जो आपल्याकडच्या सगळ्या सावल्यांचा रंग ठरवतो. कंदील. आणि धुकं, जे चक्की आणि झाड यांच्यामध्ये एक पातळ थर घालतं. ते काढलं की छप्पर झाडाला चिकटतं.

सर्वांत जास्त वेळ सावलीतल्या भिंतीला गेला. स्कायलाइट वाढवला तरी ती मेलेली दिसत होती. मूळ रंग तपासले तर दगडांचे गडद भाग २५५ पैकी २०-२५ वर. इतका गडद पदार्थ जवळजवळ काहीच प्रकाश परत फेकत नाही, त्यामुळे सावलीत उसळून आलेला उजेड त्यावर दिसतच नाही. रंगवताना मी ती सावली स्वतः घातली होती आणि वर इंजिन आपली सावली घालत होतं. सगळ्या दगडांचा तळ ५० च्या वर उचलला. `Unlit` मध्ये भिंत आता फिकी आणि थोडी कंटाळवाणी दिसते. दिवे लावल्यावर मात्र ओढ्यावरून उसळलेला निळा उजेड दगडांच्या पोटाखाली दिसतो, जो आधी कुठेच नव्हता.

शेवटी चित्र राखाडी करून २०० पिक्सेल रुंदीचं केलं. तीन ढीग दिसायला हवेत: सर्वांत उजळ आकाश, मध्यम चक्की आणि झाड, सर्वांत गडद समोरचा काठ. दिसले. मध्यम ढिगात फक्त दोन उजळ ठिपके: चाकाची कड आणि दार. समोरच्या काठावर गवतात काही पिवळी फुलं होती, ती तिसरा ठिपका होत होती. काढून टाकली.

१४ सप्टेंबर

पोर्टफोलिओत मांडणी. पहिलं अंतिम चित्र. मग त्याच कॅमेऱ्यातून `Unlit` आणि `Detail Lighting` शेजारी शेजारी, म्हणजे रंगाने किती काम केलं आणि उजेडाने किती, ते तुम्हाला स्वतःच मोजता येईल. मग २८ ऑगस्टचं चुकीचं फिरतं चाक आणि ३० ऑगस्टचं दुरुस्त केलेलं, दोन्ही सतरा सेकंदांचे तुकडे, एक पूर्ण फेरी. त्यानंतर दोन ट्रिम शीट, वायरफ्रेम आणि सरफेस कॅशचं आधी-नंतरचं दृश्य. आसपासची झुडपं आणि गवत यांची वेगळी चित्रं दिलेली नाहीत. ती ठीक आहेत, पण त्यांत दाखवण्यासारखं नवं काही नाही.

लीडने मांडणी पाहून एकच प्रश्न विचारला: "सूर्य हलवलास तर?" हलवून पाहिला, चार दिशांनी, आणि ती चार चित्रंही शेवटी जोडली आहेत. चाक, छप्पर आणि झाड चारही ठिकाणी टिकतात. भिंत तीन ठिकाणी टिकते. सूर्य अगदी खाली, उजवीकडून आला की उरलेला ८ टक्क्यांचा थर दगडांच्या माथ्यावर पुसटसा दिसतो. ते चित्र डावीकडून चौथं आहे, दारावरची दुसरी ओळ पाहा.